तोच डायोड, तीच बॅटरी

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरुवातीच्या वर्षांत पेपरात एक प्रश्न हमखास येतो. डावीकडे साइन लहर देणारा स्रोत, पुढे एक रेझिस्टर, आणि रेझिस्टरच्या पलीकडच्या टोकापासून खाली ग्राउंडपर्यंत एकाखाली एक जोडलेले डायोड आणि बॅटरी. आउटपुट घ्यायचं ते या जोडीवर. प्रश्न एका ओळीचा असतो: आउटपुटची लहर काढा. मुलं पेन्सिल उचलून आधी साइन लहर काढतात आणि मग तिच्यातलं काय खोडायचं याचा विचार करत बसतात. गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. आधी काढायची असते एक आडवी रेघ. लहर तिच्यानंतर.

रेघ कुठे काढायची हे ठरवायला आकडे घेऊ. स्रोताची लहर +10 व्होल्टपासून −10 व्होल्टपर्यंत जाते आणि सेकंदाला 1000 वेळा येते, म्हणजे एका सायकलला 1 मिलिसेकंद लागतो. रेझिस्टर 1 किलो-ओहमचा. डायोड सिलिकॉनचा, प्रयोगशाळेत सर्रास सापडणारा 1N4148. बॅटरी म्हणजे दोन पेन्सिल सेल, मिळून 3 व्होल्ट. डायोडचा ॲनोड वर आउटपुटकडे, कॅथोड खाली बॅटरीच्या अधिक टोकाला, आणि बॅटरीचं उणे टोक ग्राउंडला.

डायोड विजेला एकाच दिशेने, ॲनोडकडून कॅथोडकडे जाऊ देतो, आणि तेही ॲनोड कॅथोडपेक्षा साधारण 0.7 व्होल्टने वर असेल तेव्हाच. आता हा डायोड मनातल्या मनात उपटून बाजूला ठेवा. रेझिस्टरमधून प्रवाह जायला वाटच उरली नाही, त्यामुळे त्याच्यावर एकही व्होल्ट पडत नाही आणि इनपुट जसंच्या तसं आउटपुटवर दिसतं. मग विचारायचं, की डायोड परत लावला तर तो केव्हा वाहू लागेल? त्याचा कॅथोड बॅटरीने 3 व्होल्टवर धरून ठेवला आहे. ॲनोडला त्याच्या 0.7 वर जावं लागेल, म्हणजे 3.7 व्होल्ट. आलेखावर 3.7 ला तुटक रेघ मारा. निम्मं गणित इथेच सुटलं.

रेघेच्या खाली डायोड असून नसल्यासारखा, म्हणून तिथे इनपुटचीच लहर गिरवायची. इनपुट रेघेच्या वर चढू लागलं की डायोड वाहतो आणि आउटपुटला 3.7 वरच अडवून धरतो. उरलेले व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. इनपुट 10 व्होल्टच्या शिखरावर असताना रेझिस्टरवर 6.3 व्होल्ट आणि त्याच्यातून 6.3 मिलिअँपिअर प्रवाह असतो. हा 6.3 लक्षात ठेवा, पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

साइन लहर 3.7 ला पोचते ती 21.7 अंशांवर आणि परत खाली उतरताना 158.3 अंशांवर. म्हणजे वरचा उंचवटा कापला जाऊन तिथे सुमारे 0.38 मिलिसेकंद रुंदीचं सपाट पठार राहतं आणि खालचा अर्धा भाग −10 पर्यंत शाबूत असतो. हा क्लिपर. पुस्तकातल्या आदर्श डायोडला 0.7 व्होल्ट लागत नाहीत, म्हणून तिथे पठार 3 वर असतं. प्रत्यक्ष सीआरओवर पाहिलं तर पठाराचे कोपरे काटकोनी नसतात, थोडे गोलसर असतात, कारण सिलिकॉन डायोड 0.7 ला खटकन उघडत नाही. अर्ध्या व्होल्टपासूनच तो थोडाथोडा वाहू लागतो.

आता बॅटरी उलटी लावा: अधिक टोक ग्राउंडला, उणे टोक डायोडच्या कॅथोडला. इथे बरीच मुलं लहरीचा खालचा भाग कापून मोकळी होतात. बॅटरी उलटली म्हणून बाजूही उलटली, असा त्यांचा हिशेब. पण डायोड उलटलेला नाही, तो अजूनही वरचंच कापणार. बदलली ती फक्त रेघ. कॅथोड आता −3 वर बसला आहे, म्हणून डायोड −2.3 व्होल्टलाच वाहू लागतो. रेघ शून्याच्या खाली गेली आणि तिच्या वरचं सगळं कापलं गेलं, अख्खा धन अर्धा भागसुद्धा. आउटपुट सायकलचा अर्ध्याहून अधिक काळ −2.3 वर सपाट पडून राहतं आणि 193 ते 347 अंशांच्या दरम्यान तेवढं −10 पर्यंत डुबकी मारून येतं. कोणती बाजू कापायची हे डायोडचं तोंड ठरवतं आणि कुठून कापायची हे बॅटरी. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर परीक्षेतली चारही आकृत्यांची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी लावू. डायोड तोच, तोंड तेच. फक्त रेझिस्टर काढून त्याच्या जागी 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवू आणि आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत 100 किलो-ओहमचा एक रेझिस्टर टाकू. आकृती दुरून पाहिली तर जवळपास तशीच दिसते, पण आता काहीही कापलं जात नाही.

पहिली चतुर्थांश सायकल सावकाश पाहू. कपॅसिटर रिकामा आहे, त्यामुळे आउटपुट इनपुटच्या बरोबरीने चढतं आणि 3.7 ला डायोड उघडतो. आउटपुट तिथेच अडतं, इथपर्यंत सगळं क्लिपरसारखं. इनपुट मात्र 10 कडे चढतच असतं आणि मधले वाढते व्होल्ट कपॅसिटरमध्ये भरत जातात. शिखरावर कपॅसिटरवर किती असतील? 10 वजा 3.7, म्हणजे तेच 6.3. फरक पडतो तो शिखर ओलांडल्यावर. रेझिस्टरवरचे 6.3 व्होल्ट इनपुट खाली येताच नाहीसे झाले होते. कपॅसिटर ते सोडत नाही. त्याला रिकामं व्हायला डायोडमधून उलटी वाट नाही, आणि 100 किलो-ओहममधून सायकलभरात शंभरातला एक भागच गळतो. डायोड बंद पडतो आणि यापुढे आउटपुट म्हणजे इनपुट वजा 6.3, प्रत्येक क्षणाला. अख्खी साइन लहर, आकाराला धक्का न लागता, 6.3 व्होल्टने खाली सरकते. वरचं टोक +3.7, खालचं −16.3, मध्यरेषा −6.3. एकूण उंची पूर्वीइतकीच, 20 व्होल्ट. हा क्लॅम्पर. स्रोताच्या आतल्या रोधामुळे प्रत्यक्षात कपॅसिटर पुरता भरायला एकाऐवजी काही सायकली लागतात, एवढंच.

आकृती काढताना इथेही रेघ आधी, 3.7 वर. फक्त क्लिपरमध्ये तिच्यावर लहर कापायची आणि क्लॅम्परमध्ये लहरीचं शिखर तिला टेकेल इतकी लहर सरकवायची. सरकवलेल्या लहरीची उंची इनपुटइतकीच आहे ना, हे शेवटी मोजून पाहावं. बऱ्याच चुका तिथेच सापडतात.

हे सगळं कपॅसिटर आपला विद्युतभार धरून ठेवतो या भरवशावर उभं आहे. 100 किलो-ओहम आणि 1 मायक्रोफॅरड यांचा गुणाकार 0.1 सेकंद, म्हणजे सायकलच्या शंभरपट. हा गुणाकार सायकलच्या किमान दहापट असावा असा दंडक आहे. रेझिस्टर 1 किलो-ओहमचा लावला तर गुणाकार सायकलइतकाच होतो, कपॅसिटर दर सायकलला बराचसा रिकामा होतो आणि पडद्यावर लहर वेडीवाकडी दिसते: ना धड क्लिपर, ना धड क्लॅम्पर.

प्रॅक्टिकलला याहून फसवा असतो तो सीआरओवरचा एसी-डीसीचा खटका. एसीवर असताना सीआरओ इनपुटच्या वाटेत स्वतःचा एक कपॅसिटर घालतो आणि लहरीची सरासरी काढून टाकतो. पण क्लॅम्परने केलेलं काम म्हणजे ती सरासरीच. त्यामुळे पडद्यावर +10 ते −10 अशी इनपुटचीच लहर दिसते आणि विद्यार्थी जोडणी चुकली म्हणून ब्रेडबोर्ड उस्कटत बसतो. क्लिपरमध्ये ही फसगत लवकर कळतही नाही. कापलेल्या लहरीची सरासरी −1.55 व्होल्टच्या आसपास असते, ती काढली की सगळी लहर तेवढी वर चढते. पठार 5.25 वर दिसतं आणि जर्नलमध्ये डायोडचे 0.7 ऐवजी 2.25 व्होल्ट लिहिले जातात. म्हणून आधी खटका ग्राउंडवर नेऊन शून्याची रेघ मधोमध आणायची, मग डीसीवर यायचं.

दुसरी अडचण बॅटरीचीच. क्लिपरमध्ये डायोड वाहतो तेव्हा प्रवाह बॅटरीच्या अधिक टोकातून आत शिरतो. बॅटरी प्रवाह देत नसते, घेत असते. पेन्सिल सेल थोडा वेळ हे सहन करतात. पण प्रयोगशाळेत बॅटरीच्या जागी बहुधा टेबलावरचा पॉवर सप्लाय लावतात, आणि त्यातले बरेचसे फक्त प्रवाह देण्यासाठी बनवलेले असतात, आत घेणं त्यांना जमत नाही. मग सप्लायचं 3 व्होल्टचं टोकच वर ढकललं जातं आणि पठार ठरलेल्या जागेवर राहत नाही. ओळखायचं असं, की इनपुट वाढवलं की पठारही वर सरकतं. उपाय स्वस्त आहे. सप्लायच्या दोन टोकांमध्ये 220 ओहमचा रेझिस्टर लावायचा. त्याला 3 व्होल्टवर 13.6 मिलिअँपिअर लागतात, डायोडमधून येणारे 6.3 तो परस्पर गिळतो आणि सप्लाय पुन्हा देणाराच राहतो.

परीक्षेबाहेर अशी बॅटरी कुठे दिसते, असं कोणी विचारलं तर मायक्रोकंट्रोलरकडे बोट दाखवता येईल. अर्डुइनो ऊनोवरच्या चिपच्या बहुतेक पिनांच्या आत एक डायोड पिनपासून 5 व्होल्टच्या पुरवठ्याकडे आणि दुसरा ग्राउंडपासून पिनकडे जोडलेला असतो. पहिल्या डायोडसाठी बॅटरी म्हणजे बोर्डाचा पुरवठाच. 12 व्होल्टचा एखादा सिग्नल 10 किलो-ओहममधून अशा पिनवर आणला, तर आपल्या आकृतीतला क्लिपर तयार होतो: रेघ साडेपाच व्होल्टच्या जरा वर आणि प्रवाह 0.64 मिलिअँपिअरच्या आसपास. रेझिस्टर विसरलात तर तो प्रवाह अडवणारं काही उरत नाही आणि आतला चिमुकला डायोड जळतो.

आणि प्रवाह इथेही पुरवठ्यात शिरतो. बोर्डाची वीज बंद केली आणि 12 व्होल्टचा सिग्नल तसाच चालू ठेवला, तर रेघ शून्याजवळ येते, पिनमधला डायोड वाहू लागतो आणि बोर्ड मागच्या दाराने थोडाफार जिवंत होतो. यूएसबीची वायर काढूनही बोर्डावरचा एलईडी मंद लुकलुकताना दिसला, तर आधी चालू राहिलेला सिग्नल शोधावा.