पत्र्याखालची केबल आणि नव्वद मीटरचा हिशोब

आजचा भाग वाचून काढणाऱ्यांसाठी हा लेखी मजकूर. मनमाडच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. त्यांची दुमजली अभ्यासिका आहे, वर पत्रा. रॅक तळमजल्यावर एका टोकाला आणि वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट वरच्या मजल्यावर दुसऱ्या टोकाला. प्रश्न असा: "दादा, केबल शंभर मीटर चालते ना? मग टाकू का?"

शंभर मीटर हे बरोबर आहे, पण ते स्विचपासून उपकरणापर्यंतचं सगळं अंतर. त्यातले ९० मीटर भिंतीतून, छतातून जाणाऱ्या पक्क्या केबलचे. उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे मिळून. असं का? पक्क्या केबलमध्ये प्रत्येक तार अखंड तांब्याची असते. पॅच कॉर्ड सारखी वाकवावी लागते, म्हणून तिच्यात बारीक तारांचा पीळ असतो आणि त्यात सिग्नल जास्त क्षीण होतो.

आता त्यांचं मोजमाप बघू. नकाशावर सरळ अंतर ६८ मीटर. पण केबल सरळ जात नाही. रॅकमधून छतापर्यंत ३, मजला चढायला ४, बीमला वळसे घालायला ६, पलीकडे खाली उतरायला २. रॅकमध्ये राखून ठेवायची ३ आणि दुसऱ्या टोकाला १. बेरीज करा: ८७ मीटर. म्हणजे नव्वदच्या आत. पास?

इथे मनमाडचा मे महिना आडवा येतो. ९० मीटरचा आकडा २० अंश तापमानाचा आहे. तांबं तापलं की सिग्नल जास्त खातं. साध्या, म्हणजे शील्ड नसलेल्या केबलसाठी ४० अंशांना ही मर्यादा साधारण ८४ मीटरवर येते आणि ६० अंशांना ७५ वर. पत्र्याखाली उन्हाळ्यातल्या दुपारी चाळीसच्या वर जाणं काही अवघड नाही. म्हणजे ८७ मीटर नापास.

गंमत म्हणजे अशी लाइन लगेच बंद पडेलच असं नाही. स्विचवरचा दिवा लागतो, सकाळी सगळं छान चालतं. दुपारी व्हिडिओ अडकायला लागतो आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. ओळखायचं कसं? स्विचच्या पानावर त्या पोर्टचा CRC errors हा आकडा सकाळी आणि दुपारी बघा. दुपारीच भराभर वाढत असेल तर संशय केबलवर. मात्र वेग १००० ऐवजी १०० दाखवत असेल, तर आधी टोकं तपासा. १००० ला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार नीट बसली नसेल तर असं होतं.

त्यांना मी सुचवलं ते असं: जिन्याजवळ, सावलीत, जिथे वीज आहे तिथे भिंतीवरचा छोटा रॅक आणि दुसरा स्विच लावा. स्विच सिग्नल नव्याने तयार करून पुढे पाठवतो, त्यामुळे मीटरची मोजणी तिथून पुन्हा शून्यापासून सुरू होते. नुसता जोड लावून केबल वाढवली तर मोजणी चालूच राहते.

केबल कुठली? कॅट ५ई सुद्धा १ गिगाबिट पूर्ण शंभर मीटर नेते. कॅट ६ तेवढंच नेते, पण १० गिगाबिट फक्त ५५ मीटरपर्यंत, तेही चांगल्या परिस्थितीत. १० गिगाबिट शंभर मीटर हवं तर कॅट ६ए. अभ्यासिकेला १ गिगाबिट पुष्कळ, म्हणून कॅट ६ घ्या, पण शुद्ध तांब्याची. स्वस्तातल्या केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं की दुकानदाराला परत करा. केबलमधूनच वीज घेणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटला अशी केबल विशेष त्रास देते, कारण लांब अंतरावर विजेचा दाब जास्त पडतो.

शेवटचं, लेबल. मनमाड जंक्शनवर एक गाडी दौंडकडे जाते, एक नांदेडकडे. डब्यावर पाटी नसेल तर काय होईल? पॅच पॅनलचंही तसंच. "सरांचा कॉम्प्युटर" असं लिहू नका, सर उद्या खोली बदलतील. जागेचं नाव द्या: `R1-A-07`, म्हणजे पहिला रॅक, पॅनल A, पोर्ट सात. हेच लेबल पॅनलवर, भिंतीतल्या सॉकेटवर आणि केबलच्या दोन्ही टोकांवर. केबलवरचं लेबल ओढण्याआधीच लावा.

केबलच्या अंगावर बहुधा मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे टिपा, वजाबाकी करा आणि लांबी लेबलसोबत वहीत लिहा. मे महिन्यात कोणती लाइन आधी तपासायची, ते त्या वहीतूनच कळेल.

तुमच्याकडची सगळ्यात लांब लाइन किती मीटरची आहे? मोजा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.