परदेशी निघण्याआधी मनातले सांगावे का?

मैत्रीतून रुजलेले प्रेम बोलून दाखवावे की नाही, हा प्रश्न एरवी वर्षानुवर्षे पुढे ढकलता येतो. दोघांपैकी एकजण परदेशी निघाला की मात्र मुदत ठरते. अमेरिकेत एमएससाठी जाणाऱ्यांची प्रवेशाची पत्रे साधारण फेब्रुवारी-मार्चपासून येऊ लागतात. मग शैक्षणिक कर्ज, आय-ट्वेंटी, उन्हाळ्यात व्हिसाची मुलाखत आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये विमान. या धावपळीत सांगावे की नाही याइतकेच, केव्हा सांगावे हेही महत्त्वाचे असते.

सांगण्याच्या बाजूने एक भक्कम आधार मानसशास्त्रात मिळतो. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४-९५ मध्ये पश्चात्तापावर केलेले काम प्रसिद्ध आहे. केलेली चूक सुरुवातीला जास्त बोचते, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींची हळहळ अधिक उरते, असे त्यांना आढळले. घडून गेलेल्या गोष्टीची माणूस कशीबशी समजूत घालतो. न घडलेल्या गोष्टीला शेवटच नसतो, त्यामुळे ती कल्पनेत वाढत राहते.

हा हिशेब मात्र एकट्या सांगणाऱ्याचा झाला. ऐकणाऱ्याची बाजू रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाच्या अभ्यासात मांडली. नकार देणाऱ्यालाही त्रास होतो. त्याला अपराधी वाटते आणि नकार कसा द्यावा हे कोणी शिकवलेले नसते. मग ‘बघू’, ‘आत्ता नको’ अशी गुळमुळीत उत्तरे येतात आणि समोरचा त्यातून आशा धरतो. एकाच शहरात असताना असा गैरसमज चार भेटींत दूर होतो. दूरदेशी तोच ‘बघू’ कित्येक महिने पुरतो. म्हणून निरोपाच्या आदल्या रात्री किंवा विमानतळावर सांगणे सर्वांत वाईट. तिथे ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ नसतो आणि घरच्यांसमोर मोकळेपणाने नाही म्हणायची सोयही नसते.

त्याआधी आपली भावना तपासून घ्यावी. निरोपाच्या दिवसांत सगळेच हळवे होतात. फोटो निघतात, जुन्या आठवणी निघतात, मिठ्या मारल्या जातात. हा ओलावा प्रेमाचा पुरावा मानू नये, स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही. अर्ज भरण्याच्याही आधी, परदेशाचा विषय नव्हता तेव्हा हीच ओढ होती का, हे आठवून पाहावे. तिकीट निघाल्यावरच ती जाणवू लागली असेल, तर थांबलेले बरे.

उदाहरणादाखल पुण्यातले दोघे घेऊ. कॉलेजपासूनची मैत्री. त्याला टेक्ससमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, ती इथेच नोकरीत आहे आणि दोन वर्षांपासून तिला तो आवडतो. तो जावे की न जावे या विचारात असताना तिने एप्रिलमध्ये सांगितले, तर त्याच्या निर्णयावर तिचे ओझे येईल. जूनमध्ये व्हिसा हाती आल्यावर जाणे पक्के असते आणि हातात सहा-सात आठवडे असतात. हीच योग्य वेळ. जागा निवांत हवी: मित्रांचा घोळका सोडून, तळजाईवर फिरताना चालेल. बोलणे थोडके असावे: “तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. तू मला मित्रापेक्षा जास्त आवडतोस, ते तुला कळावं एवढंच. उत्तर आज नको. आणि नाही असेल तर सरळ नाही म्हण.” या शेवटच्या वाक्याने त्याची नकाराची अडचण हलकी होते.

त्याचे उत्तर होकाराचे आले, तर उरलेले आठवडे खऱ्या बोलण्यासाठी लागतात. ‘दोनच वर्षे’ हा हिशेब बहुधा खोटा ठरतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर ओपीटीखाली एकूण तीन वर्षांपर्यंत तिथे काम करता येते आणि डोक्यावर कर्ज असलेला विद्यार्थी ही संधी सहसा सोडत नाही. म्हणजे पाच वर्षेही होऊ शकतात. टेक्सस आणि पुण्याच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा तासांचे अंतर असते. तिची सकाळ ती त्याची रात्र. तिला तिकडे जायचे आहे का, त्याला परतायचे आहे का, घरी केव्हा सांगायचे, हे निघण्याआधीच विचारायला हवे.

काही वेळा मात्र न सांगणेच योग्य. समोरची व्यक्ती दुसऱ्या नात्यात असेल, किंवा ऐकून त्याने जाणेच रद्द करावे अशी आशा मनात असेल, तर ते बोलणे दुसऱ्यावर दबाव टाकणारे ठरते.

आणि जूनची वेळ हुकली असेल, तर घाईने निरोपाच्या दिवशी सांगू नये. नवे घर, नवे वर्ग, पार्टटाइम काम यांत पहिले सत्र जाते. ते डिसेंबरमध्ये संपते. तेव्हाही ओढ तशीच असेल, तर व्हिडिओ कॉलवर सांगावे, मेसेजवर नाही.