दोन पोळ्या म्हणजे नेमक्या किती?

नोएडाला राहणाऱ्या आमच्या काकांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर, आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता लावलेला आहे. पुढच्या पानावर सकाळपासून रात्रीपर्यंतच्या वेळा, पदार्थ आणि प्रमाण. मागच्या पानावर कशाऐवजी काय चालेल त्याची यादी. घरात येणारा प्रत्येक पाहुणा पुढचं पान वाचतो आणि म्हणतो, "अरे, सगळंच तर खायला दिलंय!" काकूंचंही पहिलं मत तेच होतं. दुपारी दोन पोळ्या, एक वाटी डाळ, एक वाटी भाजी, दही. घरात आधीही जवळपास एवढंच तर होतं. मग साखर का वाढते?

उत्तर पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत होतं. तिथं लिहिलं होतं की धान्याचं एक युनिट म्हणजे 30 ग्रॅम कच्चं धान्य किंवा पीठ, डाळीचं एक युनिट म्हणजे 30 ग्रॅम कच्ची डाळ, वाटी 150 मिलिलिटरची आणि चमचा 5 मिलिलिटरचा. असा तक्ता हातात आला की मी वाचायला सुरुवात इथूनच करते, कारण वरच्या सगळ्या 'एक' आणि 'दोन' या आकड्यांना अर्थ या ओळीमुळे येतो. शिवाय हे माप सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेतल्या मधुमेह आणि आहारशास्त्राच्या संस्थांनी 1950 साली ही अदलाबदलीची पद्धत पहिल्यांदा मांडली. तिच्या आजच्या रूपात पिष्टमय पदार्थांचं एक युनिट 15 ग्रॅम कर्बोदकांचं असतं. आपल्याकडे कुणी धान्याचं युनिट 20 ग्रॅमचं धरतं, कुणी 30 ग्रॅमचं. काकांच्या तक्त्यातल्या 30 ग्रॅम पिठात साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं येतात. त्यामुळे एका दवाखान्याच्या तक्त्यातली 'सहा युनिटं' दुसऱ्या दवाखान्याच्या यादीत तशीच नेऊन बसवली, तर हिशेब पार बदलतो.

बाई दिल्लीच्या. त्यांच्या डोळ्यांपुढे असतो फुलका: 30 ग्रॅम कणकेचा, तव्यावरून थेट आचेवर फुगवलेला, बिनतेलाचा. काकू करतात घडीची पोळी. आम्ही स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला आणि काकूंना नेहमीसारखी कणीक मळायला सांगितलं. कोरडं पीठ आधी मोजलेलं होतं, त्याला पोळ्यांच्या संख्येनं भागलं. एका पोळीला 45 ग्रॅम पीठ लागत होतं. म्हणजे दोन पोळ्यांत तीन युनिटं. वर घडीत लावलेलं तेल आणि उतरवल्यावर फिरवलेला तुपाचा हात मिळून पोळीमागे एक चमचा. तक्त्यात दिवसभराचं तेल-तूप चार चमचे. दुपारच्या दोन आणि रात्रीच्या दोन पोळ्यांनीच ते संपत होतं, फोडणी अजून पडायचीच होती.

काकू सरावाच्या हातानं, अंदाजानं गोळा तोडतात आणि तो गोळा दर वेळी सारखाच असतो. हात चुकत नव्हता, हाताचं माप वेगळं होतं. म्हणून रोज गोळे तोलत बसण्याऐवजी त्यांनी सोपी वाट काढली. 300 ग्रॅम कोरडं पीठ एकदाच मोजायचं, मळायचं आणि त्याचे बरोबर दहा गोळे करायचे. पाणी धरून एक गोळा पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतो. ज्या दिवशी घडीची पोळी हवी, त्या दिवशी त्याच गोळ्याची करायची आणि घडीत बोट फिरेल एवढंच तेल. पोळी लहान दिसते. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "अगं, ही पुरी आहे का?" दुसऱ्या वाटीत भाजी वाढल्यावर मात्र ताट भरलेलं दिसायला लागलं.

डाळीचं उलटं झालं होतं. आपली आमटी पातळ. वाटीभर आमटीत डाळ जेमतेम 15 ग्रॅम, म्हणजे अर्धं युनिट. 30 ग्रॅम डाळीतून साधारण 7 ग्रॅम प्रथिनं मिळतात, ती निम्म्यावर येत होती. मग भूक लवकर लागायची आणि चार वाजता बिस्किटं निघायची. तक्त्यातली एक वाटी म्हणजे घट्ट वरण. आमटीच हवी असेल तर कुकरला माणशी 30 ग्रॅम डाळ मोजून लावायची आणि आपल्या वाट्याची सगळी खायची, मग वाट्या दोन का होईनात.

या दोन बदलांचा परिणाम ग्लुकोमीटरवर दिसला. आधीच्या दिवसांत जेवणापूर्वी 128 असलेली साखर दोन तासांनी 221 होत होती. मापाच्या फुलक्यांच्या आणि घट्ट वरणाच्या दिवशी 131 वरून 178 पर्यंत गेली, आणि पुढचे काही दिवस त्याच आसपास राहिली. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. आणि घरच्या मीटरमध्ये 15 टक्क्यांपर्यंतचा फरक मानकांतच मान्य असतो. म्हणून 178 आणि 186 या दोन आकड्यांवरून कुठल्याही पदार्थाला दोष देता येत नाही. चाळीस-पन्नासचा फरक तीन-चार वेळा सारखाच आला, तर तो खरा मानायचा.

मागच्या पानावरच्या अदलाबदलीला एकच नियम आहे: बदल त्याच रकान्यात करायचा. धान्याऐवजी धान्य, डाळीऐवजी डाळ, फळाऐवजी फळ. एका फुलक्याऐवजी 30 ग्रॅम दलिया, 30 ग्रॅम पोहे किंवा 30 ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात. तेवढा भात शिजून 80-90 ग्रॅम होतो, तक्त्यातली वाटी काठापर्यंत भरत नाही. पोह्यांची घरची बशी तोलली तर त्यात कोरडे पोहे 70 ग्रॅम निघाले. तक्त्यात नाश्त्याला धान्याचं एकच युनिट. काकूंनी पोहे 30 ग्रॅमवर आणले, त्यात मटार, फरसबी, गाजर घातलं आणि सोबत मोड आलेल्या मुगाची वाटी ठेवली. मूग डाळीच्या रकान्यातून आले, म्हणून पाचच्या चहाबरोबरचे भाजलेले चणे त्या दिवशी अर्धे झाले. अशी वजाबाकी केली तरच ती अदलाबदल. नुसती भर घातली, तर तक्ता उपयोगाचा राहत नाही.

ज्वारी-बाजरीच्या भाकरीबद्दल आपल्या लोकांत एक भाबडा विश्वास आहे की ती मधुमेहाला कितीही चालते. ज्वारीच्या पिठातली कर्बोदकं गव्हाच्या आसपासच असतात, फार तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. काकूंची भाकरी 65 ग्रॅम पिठाची होते, म्हणजे ती एकटी दोन फुलक्यांच्या बरोबरीची. हिवाळ्यात शेजारून येणारी मक्याची रोटीही तशीच जाड असते. सरसोंचा साग पोटभर खावा, रोटी एकच, आणि वरचं लोणी तेलाच्या चमच्यांत धरावं.

वेळेच्या रकान्याकडे लोक सर्वांत कमी पाहतात, आणि काकांच्या बाबतीत तोच सर्वांत नाजूक आहे. ते सकाळी ग्लिमेपिराइड घेतात, शिवाय मेटफॉर्मिन. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि आपण जेवलोय की नाही हे ती पाहत नाही. जेवण लांबलं की साखर 70 च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणं. तेव्हा तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि मग जेवण. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात हळू पोचते. आणि माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

काकूंनाही हल्ली मधुमेहाचं निदान झालंय, पण त्यांना फक्त मेटफॉर्मिन आहे. एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा खाली जात नाही, म्हणून त्यांच्या तक्त्यात पाचचा चणा सक्तीचा नाही. एकाच घरात, एकाच ओट्यावर शिजलेल्या अन्नाचे दोन तक्ते असे वेगळे असतात.

अडचण आली रात्रीच्या जेवणाची. मुलगा गुरुग्रामहून परततो साडेनऊला, आणि त्याच्याशिवाय ताटावर बसायचं नाही ही घराची रीत. तक्त्यात जेवण आठ वाजता. बाईंनी रीत मोडायला सांगितली नाही. रात्रीच्या दोन युनिटांतलं एक त्यांनी सव्वासातला आणलं: एक मुगाचं धिरडं किंवा एक फुलका आणि भाजी. साडेनऊला उरलेला एक फुलका, वरण आणि कोशिंबीर. धिरडं घेतलं तर ते डाळीच्या रकान्यात मोडतं, म्हणून त्या रात्री वरण नाही आणि फुलके दोन. दिवसाची बेरीज तीच राहिली, मधलं अंतर कमी झालं.

संकष्टीचा प्रश्न याहून अवघड. काका वर्षानुवर्षं दिवसभर जवळपास काही न खाता चंद्रोदयाला उपास सोडत आलेत, आणि दिल्लीत चंद्र कधी आठनंतर, कधी नऊ वाजून गेल्यावर दिसतो. वर गोळी सकाळीच घेतलेली. हा भाग आहारतज्ज्ञाच्या हातातला नाही. बाईंनी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्या दिवशी ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद आता तक्त्याला टाचलेला आहे. बाईंनी स्वतः ठरवून दिलं ते ताट. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका बशीत 75 ग्रॅम कोरडा साबुदाणा होता, तो जवळपास निव्वळ स्टार्च. कर्बोदकांच्या हिशेबात तीन युनिटांहून जास्त, आणि प्रथिनं नावालाही नाहीत. शेंगदाण्याचं कूट वेगळं. 30 ग्रॅम कुटात तेलाच्या अडीच-तीन चमच्यांइतकी चरबी येते. त्याऐवजी राजगिऱ्याच्या 30 ग्रॅम पिठाचं थालीपीठ आणि दही, किंवा 30 ग्रॅम भगर आणि ताक. भगर इथं 'समक के चावल' म्हणून मिळते. उपासाला चालत असली, तरी तक्त्यात ती धान्याच्याच रकान्यात बसते. दुपारचं आणि पाचचं खाणं ठरल्या वेळीच. चंद्रोदयाला नैवेद्याच्या मोदकाचा तुकडा घेतला, तर एका फुलक्याचं युनिट कमी.

तक्त्याच्या कोपऱ्यात तारीख, वजन आणि त्या वेळची औषधं लिहिलेली असतात. शेजारच्या आजोबांनी काकांच्या तक्त्याची झेरॉक्स मागितली, तेव्हा काकूंनी हाच कोपरा दाखवून नकार दिला. आजोबांची मूत्रपिंडं अशक्त आहेत. त्यांना प्रथिनं किती आणि पोटॅशियमची फळं कोणती, हे वेगळं ठरवावं लागतं. काकांच्या तक्त्यातलं दोन वाट्या वरण त्यांना बाधू शकलं असतं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासून काका पुन्हा गेले. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली. बाईंनी जुना तक्ता पुढे ओढला, सव्वासातच्या ओळीवर पेन ठेवलं आणि विचारलं, संध्याकाळी अजून हातपाय कापतात का? काका नाही म्हणाले. मग ते युनिट परत रात्रीच्या ताटात गेलं. पाचचे चणे मात्र त्यांनी तसेच राहू दिले, आणि पुढचे दोन आठवडे सात वाजताची साखर लिहून आणायला सांगितली.