‘ज्या’ची जोडी ‘त्या’शीच लागेल असं नाही

गृहनिर्माण संस्थेच्या फळ्यावर एक सूचना आहे असं समजा: ‘जे सभासदांनी वर्गणी भरली नाही ते मतदान करता येणार नाही.’ अर्थ कळतो, पण वाचताना दोन ठिकाणी ठेच लागते. ती का लागते हे पाहिलं, की मराठीतल्या जो-तो या जोडीचा बराचसा कारभार समजतो.

सूचनेची आधी दोन साधी वाक्यं करू. ‘सभासदांनी वर्गणी भरली नाही.’ ‘सभासदांना मतदान करता येणार नाही.’ सभासद तेच, पण पहिल्या वाक्यात त्यांना ‘नी’ लागला आहे आणि दुसऱ्यात ‘ना’. आता पहिल्या ‘सभासदांनी’च्या आधी संबंधी सर्वनाम ठेवायचं. पुढचं नाम प्रत्ययामुळे बदललेलं आहे, म्हणजे सामान्यरूपात आहे, म्हणून ‘जे’ चालणार नाही, ‘ज्या’ हवं. दुसऱ्या वाक्यातल्या ‘सभासदांना’च्या जागी ‘त्यांना’. झालं वाक्य: ‘ज्या सभासदांनी वर्गणी भरली नाही, त्यांना मतदान करता येणार नाही.’

जोडीतल्या दोघांचं लिंग आणि वचन एकच असतं, कारण दोघं एकाच माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल बोलतात. विभक्ती मात्र ज्याची त्याची. ती आपापल्या वाक्यातल्या कामावरून ठरते. म्हणून ‘जो पहिला येईल त्याला बक्षीस’, ‘ज्याला वेळ असेल तो येईल’, ‘जिने पत्र लिहिलं तिचा पत्ता द्या’ ही सगळी वाक्यं बरोबर आहेत. दोन्हीकडे रूप सारखंच दिसलं पाहिजे असं समजून कुणी ‘ज्याला वेळ असेल त्याला येईल’ म्हटलं, तर वाक्य तिथेच मोडतं.

खरा घोळ घालतं ते ‘ज्या’, कारण या एकाच रूपावर दोन कामं आहेत. ‘ज्या मुली गावाला गेल्या, त्या परत आल्या’ इथे ते स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. पण ‘ज्या मुलाने’, ‘ज्या मुलीने’, ‘ज्या झाडाला’, ‘ज्या मुलांनी’ इथे लिंग कुठलंही असो, वचन कुठलंही असो, पुढच्या नामाला प्रत्यय लागला की ‘ज्या’च येतं. मग जोडीदार कसा निवडायचा? ‘ज्या’कडे पाहून कळणार नाही, त्याच्या पुढच्या नामाकडे पाहावं लागतं. ‘ज्या मुलीने फोन केला, ती आली’ आणि ‘ज्या मुलाने फोन केला, तो आला.’

नाम गाळलं, तर मात्र एकवचनात सर्वनामाला लिंग स्वतःच दाखवावं लागतं: ‘ज्याने फोन केला तो’, ‘जिने फोन केला ती’. म्हणजे ‘ज्या मुलीला’ असं म्हणणारी माणसंच नाम काढल्यावर ‘जिला’ म्हणतात. मालकी सांगताना तर एकाच शब्दात दोन मेळ साधले जातात. ‘जिचा मुलगा परगावी असतो, तिच्या घरी कुणीतरी जाऊन या’ या वाक्यात ‘जि’ सांगतं की बाईबद्दल बोलणं चाललंय, आणि पुढचा ‘चा’ जुळतो मुलाशी. मला हा शब्द फार देखणा वाटतो.

प्रत्यय नसताना पुढच्या नामाचं लिंग आणि वचन नेमकं पाळावं लागतं: जो मुलगा, जी मुलगी, जे मूल, जे मुलगे, ज्या मुली, जी मुलं. हिंदीत इथे ‘जो’ बदलत नाही, ‘जो लड़का’ आणि ‘जो लड़की’ दोन्ही चालतात. हिंदीच्या सवयीचा माणूस मराठीत ‘जो मुलगी’ म्हणून जातो ते त्यामुळे.

आदरार्थी अनेकवचनातही हा मेळ शेवटपर्यंत टिकवावा लागतो. ‘ज्या बाई आम्हाला गणित शिकवायच्या, त्या निवृत्त झाल्या’ हे ठीक. पण सुरुवातीला ‘ज्या बाई’ आणि पुढे ‘ती निवृत्त झाली’ असं लिहिलं, तर अर्ध्या वाक्यात बाईंचा मान उतरतो. लांब वाक्यांत हे सहज घडतं, कारण ‘ती’ लिहायची वेळ येईपर्यंत ‘ज्या’ नजरेआड गेलेलं असतं. लिहून झाल्यावर जोडीतले दोन शब्द तेवढे शोधून शेजारी ठेवून पाहिले, की चूक लगेच दिसते.

अलीकडे छापील मजकुरात ‘माझा भाऊ, जो नाशिकला असतो, उद्या येणार आहे’ अशी वाक्यं वाढली आहेत. इथे ‘जो’ आहे, पण त्याला उत्तर देणारा ‘तो’ नाही. भाऊ एकच असेल तर तो कुठला हे निवडून दाखवायचंच नसतं. नुसती जादा माहिती द्यायची असते. त्या कामाला जो-तोची जोडी लागतच नाही. ‘नाशिकला असणारा माझा भाऊ उद्या येणार आहे’ म्हटलं की पुरतं. भाऊ तीन असतील आणि त्यातला नेमका सांगायचा असेल, तेव्हा म्हणावं: ‘माझा जो भाऊ नाशिकला असतो, तो उद्या येणार आहे.’