‘मीटरने येणार का?’ या प्रश्नामागचं गणित आणि कायदा

विंझर, मार्गासनी किंवा वेल्ह्याकडून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांचा प्रवास साधारण असा असतो. गावातून एसटी किंवा सीटवर चालणारी जीप, नसरापूरला महामार्ग, मग स्वारगेट, आणि तिथून विद्यापीठापर्यंत रिक्षा. पहिल्या टप्प्यात मीटर हा शब्दही कुणी काढत नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र सगळी चर्चा मीटरवरच येऊन थांबते. असं का होतं, रिक्षावाल्याने ‘नाही’ म्हटलं की कायदा नेमकं काय करतो, आणि ‘रिक्षावाले येतच नाहीत’ हे विधान मोजून सिद्ध करायचं झालं तर काय करावं लागेल, हे या लेखात बघूया.

मीटर काय मोजतो?

दर ठरवतं ते प्रादेशिक परिवहन प्राधिकरण. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला दर आपण उदाहरणासाठी घेऊ: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत शहरी हद्दीत २५ टक्के आणि ग्रामीण भागात ४० टक्के जादा. तुम्ही प्रवास कराल तेव्हाचं चालू दरपत्रक मात्र नक्की बघा.

समजा, स्वारगेटहून विद्यापीठाच्या गेटपर्यंत मीटरवर ८.५ किलोमीटर आले. पहिले दीड वजा केले की ७ उरतात. ७ गुणिले १७ म्हणजे ११९, अधिक २५, एकूण १४४ रुपये. हाच प्रवास मध्यरात्रीनंतर केला तर शहरात १८० रुपये होतील. हा हिशोब रिक्षात बसायच्या आधी तोंडी करता आला पाहिजे.

आता मीटरच्या आत डोकावू. इलेक्ट्रॉनिक मीटरला रस्ता दिसत नसतो. गाडीच्या फिरणाऱ्या भागाला जोडलेल्या सेन्सरकडून त्याला स्पंदनं मिळतात. एका किलोमीटरला किती स्पंदनं, हा आकडा त्यात आधीच भरलेला असतो. म्हणजे मीटर खरं तर चाकाचे फेरे मोजतो आणि त्याचं अंतर करतो. गाडी थांबली किंवा अगदी सावकाश सरकत असली की वेळेचा हिशोबही चालू होतो. त्यामुळे सिग्नलवर उभं असताना पैसे वाढले म्हणून लगेच मीटरमध्ये गडबड आहे असं समजू नका. शंका आली तर रुपयांकडे बघू नका, मीटरवर दिसणारे किलोमीटर बघा.

मीटरमध्ये चूक असेल तर ती किती मोठी असू शकते? टायर झिजला की चाकाचा घेर थोडा कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे होतात आणि मीटर जास्त अंतर दाखवतो. पण घेर एक टक्क्याने कमी झाला तर अंतरही साधारण एकच टक्क्याने वाढेल. आपल्या उदाहरणात फरक दीड रुपयाच्या आसपास पडतो. म्हणून ८.५ किलोमीटरच्या रस्त्याला मीटर १० दाखवत असेल, म्हणजे सतरा-अठरा टक्के जास्त, तर टायरची सबब चालत नाही. चुकीचा आकडा भरलेला असेल किंवा मीटरशी छेडछाड झाली असेल. मोबाईलच्या नकाशावरचं अंतरही अगदी अचूक नसतं, पण एवढा मोठा फरक ओळखायला ते पुरेसं आहे. त्याहून सोपी खूणही आहे: वाटेत कुठे थांबावं लागलं नसेल तर २५ हा आकडा पूर्ण दीड किलोमीटर जागचा हलता कामा नये. किलोमीटर-सव्वा किलोमीटरलाच तो वाढला, तर तिथेच शंका घ्या.

मग ‘नाही’ का म्हणतात?

याचं उत्तर स्वभावात शोधण्याआधी दरात शोधू. खालचे वेळेचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. तुम्ही स्वतःचे घालून बघा.

रिक्षावाला स्टँडवर २० मिनिटं रांगेत थांबला. पुढे आला तो दीड किलोमीटरवाला प्रवासी. जायला १० मिनिटं, रांगेत परत यायला १०. चाळीस मिनिटांत २५ रुपये, म्हणजे मिनिटाला साधारण ६० पैसे. त्याऐवजी विद्यापीठाचा प्रवासी मिळाला, तर २० मिनिटं रांग आणि ३५ मिनिटं प्रवास, एकूण ५५ मिनिटांत १४४ रुपये, म्हणजे मिनिटाला सुमारे २ रुपये ६० पैसे. चौपटीहून जास्त फरक. मीटर रांगेतल्या वेळेचा एक पैसाही मोजत नाही, म्हणून जवळचं भाडं नकोसं होतं.

लांबचं भाडं नाकारण्याचं कारण वेगळं. मीटर फक्त जाण्याचे पैसे देतो. ज्या ठिकाणाहून परतीचा प्रवासी मिळत नाही, तिथे ८.५ किलोमीटरचे १४४ रुपये प्रत्यक्षात १७ किलोमीटर गाडी चालवल्याचे असतात, म्हणजे किलोमीटरला साडेआठ रुपये.

विंझरला मीटर का दिसत नाही, तेही इथेच कळतं. स्वारगेट ते विंझर ५० किलोमीटर धरले, तर वरच्या दराने एकट्या माणसाला साडेआठशे रुपये पडतील, आणि गाडी रिकामी परतेल. एकाला हे परवडत नाही, दुसऱ्याला पुरत नाही. म्हणून तिथे माणसं भरून, सीटमागे पैसे घेऊन गाडी सुटते. शिवाय शहराच्या रिक्षाला परवान्यात क्षेत्र ठरवून दिलेलं असतं. त्या क्षेत्राबाहेर यायला नकार दिला तर तो कायद्याच्या अर्थाने भाडं नाकारणं ठरत नाही. तीनपेक्षा जास्त प्रवासी बसवायला दिलेल्या नकाराचंही तसंच.

कायद्याचे दोन दोर

मोटार वाहन कायदा १९८८ रिक्षा-टॅक्सीला कंत्राटी वाहन मानतो. साध्या भाषेत सांगायचं तर त्या प्रवासापुरती पूर्ण गाडी तुमची. या परवान्याला अटी जोडता येतात: ठरलेलंच भाडं घ्यायचं, दरपत्रक गाडीत लावायचं, मीटर चालू स्थितीत ठेवायचा. इथे पहिला दोर सुरू होतो. कलम १७८(३) प्रमाणे परवानाधारकाने किंवा चालकाने नियम मोडून प्रवासी नेण्यास नकार दिला तर दंड होतो. रकमेकडे मात्र नीट बघा. दुचाकी आणि तीनचाकीसाठी तो जास्तीत जास्त ५० रुपये आहे. २०१९ च्या दुरुस्तीत इतर वाहनांसाठीची मर्यादा २०० वरून ५०० रुपये झाली, तीनचाकीची तशीच राहिली. म्हणजे तोच गुन्हा टॅक्सीने केला तर दंड दहापट.

आता समजा शंभर नकारांपैकी एकाचीच तक्रार होऊन दंड बसतो. प्रत्येक नकाराची सरासरी किंमत झाली ५० पैसे. मिनिटाला दोन रुपयांचा फायदा समोर असताना या ५० पैशांनी कुणाचं मन बदलेल?

दुसरा दोर आहे कलम ८६. परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. समजा त्याच शंभरातल्या एका प्रकरणात परवाना दहा दिवस निलंबित झाला आणि रोजची कमाई हजार रुपये आहे. दहा हजार भागिले शंभर, म्हणजे प्रत्येक नकारामागे १०० रुपये. ५० पैशांच्या दोनशेपट. हा आकडा निर्णय बदलू शकतो. पण याला दोन मर्यादा आहेत. परवानाधारकाला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय निलंबन करता येत नाही, आणि निलंबनाऐवजी ठरावीक रक्कम भरून घेण्याचीही तरतूद त्याच कलमात आहे. शिवाय गाडी शिफ्टवर चालवणारा चालक आणि परवानाधारक वेगळे असले तर नकार एकाचा आणि फटका दुसऱ्याला, असं होतं.

म्हणून तक्रार करताना ती ‘उद्धट वागला’ अशी लिहू नका. गाडीचा पूर्ण नंबर, तारीख, वेळ, जागा, कुठे जायचं होतं आणि नेमका कुठला नियम मोडला ते लिहा. ‘येत नाही’ हा नकार झाला. ‘दोनशे द्या, मग येतो’ ही ठरल्यापेक्षा जास्त भाड्याची मागणी झाली. मीटर वेगाने पळत होता, ही मोजमापाची तक्रार झाली. तिन्ही वेगळ्या आहेत आणि तिन्हींना पुरावाही वेगळा लागतो. तक्रार आरटीओकडे द्या आणि तिची पोच घ्या.

हे मोजायचं कसं?

संशोधनाच्या तयारीत असाल तर हा भाग तुमच्यासाठी. नकाराचं प्रमाण काढायला बहुतेक जण आधी तक्रारींची संख्या मागवतात. त्यात अडचण अशी की तक्रारी हा फक्त अंश आहे, छेद गायब आहे. किती जणांनी विचारलं आणि त्यातल्या किती जणांनी तक्रार केली, हे माहीत नाही. तक्रारी वाढल्या तर नकार वाढले असतील, किंवा तक्रार करणं सोपं झालं असेल. त्या आकड्यातून यातलं काय झालं ते सांगता येत नाही.

त्याऐवजी स्वतः विचारून मोजा. एक स्टँड आणि एक वेळ पक्की करा. तीन ठिकाणं निवडा: जवळचं, मधलं, आणि जिथून परतीचा प्रवासी मिळणं कठीण असं लांबचं. कुठल्या वेळी कुठलं ठिकाण विचारायचं ते चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवा, नाहीतर पावसात नकळत जवळचंच विचाराल. प्रत्येक उत्तर चार खान्यांपैकी एकात टाका: मीटरने तयार, जास्त पैसे मागितले, नाही म्हणाला, वाजवी कारण दिलं. शेवटचा खाना आधी ठरवला नाही तर शिफ्ट संपवून घरी निघालेला चालकही नकारात मोजला जाईल आणि प्रमाण फुगेल. आणि रिक्षावाला ‘हो’ म्हणाला तर बसा आणि मीटरप्रमाणे पैसे द्या. अभ्यासासाठी कुणाचा रांगेतला नंबर फुकट घालवणं बरं नाही, त्याचा खर्च किती पडतो ते आपण वर काढलंच आहे.

वरचं गणित बरोबर असेल तर मधल्या अंतराला सर्वात कमी नकार आणि दोन्ही टोकांना जास्त नकार दिसायला हवेत. तसं दिसलं तर दोष बराचसा दराच्या रचनेत आहे, कारण दर ना रांग मोजतो ना रिकामी परत. तिन्ही ठिकाणांना सारखेच नकार आले तर हे स्पष्टीकरण अपुरं आहे आणि कारण दुसरीकडे शोधावं लागेल. कुठला निकाल आला तर आपण चुकीचे ठरू, हे मोजणी सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवा.