भेगा आधी, अक्षरं नंतर

काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या छपाईत ‘२०२३’ आहे आणि फोटोत ‘२०२४’ हवं आहे. जुना ३ पुसण्याआधी छपाईच्या भेगा वाचवायच्या. अंकांच्या जाड भागाची प्रत घेऊन ती गडद-उजळ करायची: रंग पांढरा, भेगा काळ्या. हाच पुढे नव्या अंकाचा मास्क होतो. काळ्या जागी अंक लपतो आणि खालचं कापड दिसतं.

मग शेजारचं कापड क्लोन करून ३ झाकायचा, सुरकुतीची सावली जुळवत. या स्वच्छ फोटोची कृष्णधवल प्रत किंचित धूसर करून PSD म्हणून ठेवायची. फोटोशॉपचं Displace फिल्टर मधल्या करड्या रंगाला हलवत नाही; उजळ आणि गडद भाग मात्र विरुद्ध दिशांना सरकवतं. त्यामुळे ४ सुरकुतीबरोबर वळतो. सुरुवात ५ या मूल्याने करावी.

अंकाची कड करवतीसारखी दिसली, तर प्रत पुरेशी धूसर नाही; कापडाची वीणच अंक ओढते आहे. शेवटी मास्क लावायचा. मात्र घडीत दडलेला भाग Displace लपवत नाही. तो हातानेच खोडावा लागतो.