पास सुटतो तो क्षण

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर माझी आत्या पहिल्यांदाच फुटबॉलची मॅच बघायला आली होती. मैदानाच्या मधोमध एका खेळाडूने मान वर करून बघितले आणि लांब पास दिला. त्याचा गडी बचावफळी मागे टाकून धावत सुटला आणि चेंडू त्याच्या पायात आला, तेव्हा त्याच्यासमोर फक्त गोलरक्षक होता. आमच्या मागच्या पायऱ्यांवरून ‘ऑफसाइड, ऑफसाइड’ असा ओरडा झाला, पण लाइन्समनचा झेंडा खालीच राहिला. गोल झाला. आत्याने विचारले, “अरे, सगळ्यांच्या पुढं तो एकटाच होता. मग ऑफसाइड का नाही दिला?”

आत्या शाळेत असताना खो-खो खेळायची, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. “आत्या, खो मिळायच्या आधी गडी उठला तर फाउल होतो. पण खो मिळाल्यावर तो कितीही जोरात धावला तरी कोणी अडवत नाही. हो ना? इथंही तसाच एक क्षण आहे. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो तो क्षण.”

मग आधी मिळालेली वहीची पानं बाजूला ठेवून मी तिला तोच पास पुन्हा सांगितला. चेंडू दहा नंबरकडे आहे. पुढे त्याचाच नऊ नंबर समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात उभा आहे. समोरच्या संघाचा गोलरक्षक गोलपाशी आहे आणि त्याच्या पुढे, गोलपासून साधारण तीस मीटरवर, त्यांचे बचावपटू एका ओळीत आहेत. आता त्यांच्या गोलकडून मोजायला लागायचे. पहिला गोलरक्षक. दुसरा, बचावपटूंपैकी जो गोलला सगळ्यात जवळ आहे तो. समजा तो चार नंबर. या चार नंबरमधून मैदानाच्या रुंदीभर एक दोरी ताणली आहे असे मनात धरायचे. दहा नंबर चेंडूला पाय लावेल त्या क्षणी नऊ नंबर या दोरीच्या पुढे नको. अगदी दोरीवर, चार नंबरच्या बरोबरीने असला तरी चालतो. हात मोजत नाहीत. डोके, धड आणि पाय मोजतात.

आमच्या समोर झालेल्या पासमध्ये नऊ नंबर चार नंबरच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. पास सुटला आणि तोही सुटला. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचायला दीड सेकंद लागला असे धरू. चांगला आघाडीपटू तेवढ्यात कित्येक मीटर सहज कापतो. वळून मागे धावणारा चार नंबर तोपर्यंत मागे पडलेला असतो. आपली नजर चेंडूबरोबर प्रवास करते आणि दीड सेकंद उशिरा नऊ नंबरवर येऊन थांबते. तो एकटा दिसतो म्हणून आपण ओरडतो. प्रश्न मात्र दीड सेकंदापूर्वीच निकाली निघालेला असतो.

याच्या उलटही होते, आणि नवख्या प्रेक्षकाला ते जास्त चकवते. समजा पास सुटताना नऊ नंबर एक पाऊल पुढे होता. चेंडू तोकडा पडला म्हणून तो परत मागे आला आणि दोरीच्या अलीकडे येऊन त्याने चेंडू घेतला. आता तो बचावपटूंच्या समोर दिसतो, सगळे ठीक वाटते, तरीही तो ऑफसाइडच. मागे येऊन ती चूक पुसता येत नाही.

नुसते पुढे उभे राहणे मात्र गुन्हा नाही. नऊ नंबर दोरीच्या पुढे असताना दहा नंबरने पास अकरा नंबरला दिला आणि अकरा नंबर दोरीच्या अलीकडून धावत आला, तर खेळ चालू राहतो. अट एवढीच की नऊ नंबरने चेंडूला हात घालू नये, म्हणजे खेळात पडू नये. गोलरक्षकाच्या नजरेआड उभे राहू नये, कोणाला अडवू नये. मग अकरा नंबरने कडेने आत घुसून चेंडू मागे, नऊ नंबरकडे दिला तर तो नवा पास, आणि क्षणही नवा. चेंडू नऊ नंबरच्या पुढे असेल तर चार नंबर कुठेही असो, तो ऑफसाइड नाही. चेंडूच्या मागे किंवा बरोबरीने असलेला खेळाडू ऑफसाइड होतच नाही. म्हणूनच लाइन्समन पुष्कळदा झेंडा लगेच वर करत नाही. चेंडूकडे नक्की कोण जातो ते त्याला बघायचे असते.

आत्याने इथे एक शंका काढली: “म्हणजे शेवटच्या बचाववाल्याच्या पुढं जायचं नाही, एवढंच ना?” बहुतेक वेळा एवढेच, कारण गोलरक्षक बहुतेक वेळा सगळ्यात मागे असतो. पण नियमात गोलरक्षकाला वेगळे स्थान नाही. गोलकडून मोजताना दुसरा कोण, एवढेच नियम विचारतो. 2022 च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात, कतार आणि इक्वेडोरमध्ये, हे जगभर दिसले. तिसऱ्या मिनिटाला फ्री किक गोलसमोर आली. कतारचा गोलरक्षक साद अल शीब ती अडवायला पुढे धावला आणि चुकला. इक्वेडोरच्या फेलिक्स टोरेसचा स्पर्श होऊन चेंडू मायकेल एस्ट्राडाकडे गेला आणि पुढे एनर वॅलेन्सियाने डोक्याने गोल केला. एस्ट्राडाच्या मागे गोलकडे कतारचा एक बचावपटू होता, म्हणून अनेकांना गोल रद्द का केला ते कळेना. गोलरक्षक पुढे गेल्यामुळे तो बचावपटू मोजणीत पहिला झाला होता, आणि दुसऱ्याच्या पुढे एस्ट्राडाचा पाय गेला होता. निर्णय बरोबर होता. इक्वेडोरने सामना पुढे 2-0 असा जिंकला, दोन्ही गोल वॅलेन्सियाचेच.

त्या स्पर्धेत छताखाली 12 कॅमेरे होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती देत होता, त्यामुळे पाय नेमका कधी लागला ते कळत होते. शाहू स्टेडियमवर हे सगळे एका माणसाच्या डोळ्यांनी करायचे असते. लाइन्समन गोलकडून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत कडेकडेने सरकत राहतो, आणि त्याला एकाच वेळी तीसेक मीटरवरच्या दहा नंबरचा पाय आणि आपल्या रेषेतला नऊ नंबर बघायचा असतो. त्यातून बचावपटू हुशार असतील तर पास सुटण्याच्या बेतात एकदम पुढे येतात, म्हणजे दोरीच पुढे सरकते आणि नऊ नंबर मागे अडकतो. एक गोलकडे धावतोय, दुसरा उलट दिशेला. दोघांचा मिळून वेग सेकंदाला दहा मीटर धरला तर सेकंदाच्या दहाव्या भागात एक मीटरचा फरक पडतो. पापणी लवायलाही तेवढाच वेळ लागतो. लाइन्समनवर ओरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा, असे मला मनापासून वाटते.

थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतो, आणि आपल्या अर्ध्या मैदानात उभा असलेला खेळाडूही ऑफसाइड नसतो. एवढे सोडले की बाकी सारे त्या क्षणावर.

दुसऱ्या हाफमध्ये मी आत्याला सांगितले, “आता दहा नंबरनं मान वर केली की चेंडू सोडून दे. चार नंबरकडे बघ.” आम्ही जागा बदलून गोल आणि मधली रेघ यांच्या साधारण मध्ये जाऊन बसलो, कारण गोलच्या मागून ही दोरी दिसत नाही. दहा-बारा मिनिटांनी तसाच पास सुटला आणि आत्याने माझा दंड धरला. “पुढं होता, आधीच पुढं होता.” चेंडू नऊ नंबरच्या पायात गेल्यावर लाइन्समनचा झेंडा उभा राहिला. शिट्टी झाली तसा त्याने झेंडा आडवा, खांद्याच्या रेषेत धरला. वर तिरका धरला असता तर पलीकडच्या कडेचा खेळाडू, खाली तिरका धरला असता तर अलीकडचा. आडवा म्हणजे मधला. रेफ्रीने एक हात सरळ वर केला, म्हणजे या फ्री किकवरून थेट गोल घेता येणार नव्हता. चार नंबरने चेंडू खाली ठेवला आणि आपल्या गड्यांना पुढे जायची खूण केली.